वेणीच्या विणीचा स्वेटर आवळ का होतो?

आज आम्ही तुमच्याशी लोकरीच्या विणकामाबद्दल बोलणार आहोत, आणि तेही आमच्या एका चुकीपासून सुरुवात करून.

मागे आमच्या गटाला तालुक्याच्या बाजारातून दहा स्वेटरांचं काम मिळालं. सात-आठ वर्षांच्या मुलांचे स्वेटर, आणि पुढे-मागे दोन्हीकडे वेणीची नक्षी हवी होती. वेणीची नक्षी म्हणजे जिला बाजारात केबल म्हणतात ती. स्वेटरवर उभे पीळ पडलेले दिसतात, जणू केसांची वेणी घातली आहे, तीच ही वीण. आयर्लंडजवळच्या अ‍ॅरन बेटांवरचे असे स्वेटर जगभर प्रसिद्ध आहेत. ही वीण आम्हाला येत होती. साधे स्वेटर तर आम्ही कितीतरी विणले होते. म्हणून साध्या स्वेटरला जेवढे टाके घालतो तेवढेच घातले, जेवढी लोकर आणतो तेवढीच आणली, आणि चौघीजणी कामाला लागलो.

चार स्वेटरांचे पुढचे-मागचे भाग विणून झाले तेव्हा एका काकूंनी आपला स्वेटर बाजूने शिवून नातवाच्या अंगात घालून पाहिला. स्वेटर छातीवर अडकला. आम्ही टेप आणली. मुलाची छाती होती ६६ सेंटिमीटर. स्वेटरचा घेर यायला हवा होता ७०, म्हणजे आत शर्ट घालायला चार सेंटिमीटर मोकळे. प्रत्यक्षात घेर भरला ६२. आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. टाके मोजले, ते बरोबर होते. सुई तीच, हात तोच, लोकर तीच. मग आठ सेंटिमीटर गेले कुठे?

ते वेणीत गेले. कसे गेले आणि ते आधीच कसं ओळखायचं, हेच आज सांगायचं आहे.

आता रेडिओ ऐकता ऐकता एक करून पाहा. दोन्ही हातांची तीन-तीन बोटं समोर जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवा. सहा बोटांची रुंदी दिसते ना? आता उजव्या हाताची तीन बोटं उचलून डाव्या हाताच्या तीन बोटांवर ठेवा. बोटं सहाच आहेत, पण जागा तीन बोटांचीच व्यापली. वेणीच्या विणीत हेच घडतं. साध्या विणीत प्रत्येक टाका शेजारच्या टाक्याला लागून उभा असतो. वेणी घालताना तीन टाके दुसऱ्या तीन टाक्यांवरून पलीकडे जातात. त्या ओळीपुरते सहा टाके एकावर एक बसतात आणि कापड त्या जागी आत ओढलं जातं. शिवाय हे टाके तिरके ताणले जातात. तिरकं जायला लागणारा जास्तीचा धागा ते शेजारच्या टाक्यांकडून ओढून घेतात, म्हणून शेजारचे टाकेही आवळतात.

पण कापड अगदी निम्मं होत नाही. एकदा टाके ओलांडले की पुढच्या काही ओळी आपण साध्या विणतो. त्या ओळींत सहा टाके पुन्हा शेजारी-शेजारी येतात आणि थोडे पसरतात. पसरतात न पसरतात तोच पुढचा पीळ येतो आणि पुन्हा ओढतो. म्हणून वेणीची रुंदी निम्मी होत नाही, पण पूर्णही राहत नाही. मधेच कुठेतरी थांबते. ती नेमकी कुठे थांबते, हे आपल्या हातावर, लोकरीवर आणि नक्षीवर अवलंबून असतं.

ज्या मैत्रिणींनी ही वीण केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमचा वेणीचा पट्टा दहा टाक्यांचा होता. आधी दोन उलट, मधे सहा सुलट, मग पुन्हा दोन उलट. बाजूचं बाकी सगळं पुढून सुलट. मागच्या बाजूने विणताना जसा टाका समोर दिसेल तसाच विणायचा. चार ओळी अशा साध्या झाल्या की पुढच्या बाजूच्या ओळीत पीळ घालायचा. आधी दोन उलट विणायचे. मग पुढचे तीन सुलट टाके न विणता एका छोट्या तिसऱ्या सुईवर घ्यायचे आणि ती सुई आपल्या बाजूला, कामाच्या पुढे सोडायची. पलीकडचे तीन टाके आधी सुलट विणायचे. नंतर छोट्या सुईवरचे तीन सुलट विणायचे. मग दोन उलट. झाला एक पीळ. छोटी सुई पुढे ठेवली तर पीळ डावीकडे झुकतो, कामाच्या मागे ठेवली तर उजवीकडे. दर सहाव्या ओळीला असा पीळ घालत गेलं की वेणी तयार होते.

आता सुलट टाक्यांच्या दोन्ही बाजूंना जे दोन-दोन उलट टाके आहेत, त्यांचंही ऐका. ते वेणी उठून दिसावी म्हणून असतात. उलट टाके मागे दबतात आणि सुलट पुढे येतात, त्यामुळे वेणीच्या दोन्ही बाजूंना खाचा पडतात. बॉर्डरला एक सुलट एक उलट विणलं की ती कशी आक्रसून बसते, ते तुम्हाला ठाऊक आहे. तसंच थोडं इथेही होतं. म्हणजे वेणी आत ओढते आणि तिच्या कडेच्या खाचाही थोडी रुंदी खातात. म्हणून मोजताना नुसते सहा टाके मोजायचे नाहीत, दोन्ही बाजूच्या उलट टाक्यांसह पूर्ण दहा टाक्यांचा पट्टा मोजायचा.

कुठली वेणी जास्त ओढते? पीळ जितक्या जवळजवळ, तितकी ओढ जास्त. दर चौथ्या ओळीला पीळ घातला तर टाक्यांना पसरायला जागाच मिळत नाही, वेणी दोरखंडासारखी कडक होते. दर आठव्या ओळीला घातला तर ती मऊ आणि रुंद राहते. तसंच दोन टाक्यांवरून दोन टाके नेले तर ओढ कमी असते. सहावरून सहा नेले तर टाक्यांना लांब जावं लागतं आणि ओढ पुष्कळ वाढते. म्हणून एका नक्षीचा हिशेब दुसऱ्या नक्षीला लावता येत नाही. आज आम्ही जे आकडे सांगू ते आमच्या हाताचे आणि आमच्या नक्षीचे आहेत. तुम्ही रीत घ्या, आकडे तुमचे तुम्ही काढा.

ते काढायचे कसे? नमुना विणून. स्वेटरला हात घालण्याआधी एक तुकडा विणायचा. तो लहान असून चालत नाही. आम्ही पुढे जो नमुना केला त्याला ४६ टाके घातले होते. कडेला दहा टाके साधे, मग दहांचा वेणीचा पट्टा, मधे सहा साधे, पुन्हा दहांचा पट्टा, आणि शेवटी दहा साधे. त्यात पाच पीळ येईपर्यंत विणलं, म्हणजे तीसेक ओळी. एक-दोन पिळांवर थांबलं तर खरी ओढ कळत नाही, कारण पहिल्या पिळाच्या खालचं कापड अजून मोकळं असतं. पाच पीळ झाले की मधल्या भागात जी रुंदी मिळते ती खरी.

नमुना सुईवर असताना मोजू नका. सुई टाक्यांना ताणून धरते. टाके बंद करा, तुकडा कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सतरंजीवर पसरून सावलीत सुकवा. ओढायचं नाही, दोरीवर लटकवायचं नाही, इस्त्री फिरवायची नाही. बाजारातली पुष्कळशी लोकर अ‍ॅक्रिलिकची असते. गरम इस्त्री लागली तर ती लुळी पडते आणि वेणी कायमची चपटी होते.

सुकल्यावर टेप घ्या. आम्ही सेंटिमीटरच्या बाजूने मोजतो, कारण हिशेब सोपा पडतो. आठ नंबरच्या सुईवर, त्या लोकरीत, आमच्या हाताला साध्या विणीचे २० टाके १० सेंटिमीटरमध्ये बसत होते. म्हणजे एका सेंटिमीटरला दोन टाके. मग दहा टाक्यांचा पट्टा साधा असता तर ५ सेंटिमीटर भरला असता. आम्ही तो तीन ठिकाणी मोजला, पिळाच्या अगदी वर, दोन पिळांच्या मधे, आणि थोडं वर जाऊन पुन्हा मधे. सरासरी भरली ४ सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक पट्टा एक सेंटिमीटर खात होता. एक सेंटिमीटर म्हणजे दोन टाके. सगळा हिशेब इथेच होता मैत्रिणींनो, एका वेणीमागे दोन टाके कमी पडत होते.

पूर्ण तुकडा मोजूनही ताळा करता येतो. ४६ टाके साधे असते तर २३ सेंटिमीटर भरले असते. आमचा तुकडा भरला २१. दोन वेण्या, दोन सेंटिमीटर. हिशेब जुळला.

आता आमच्या चुकलेल्या स्वेटरकडे परत जाऊ. पुढचा भाग ३५ सेंटिमीटर रुंद हवा होता, म्हणून आम्ही ७० टाके घातले होते. शिवणीसाठी दोन्ही कडांना एक-एक टाका वेगळा, तो या हिशेबात धरलेला नाही. त्या ७० टाक्यांत चार वेण्या होत्या. प्रत्येकीने एक सेंटिमीटर खाल्ला, म्हणून पुढचा भाग भरला ३१. मागचाही ३१. दोन्ही मिळून ६२. नातवाच्या छातीवर स्वेटर का अडकला ते आता लक्षात आलं असेल.

दुरुस्त हिशेब असा. वेणीचे चार पट्टे, प्रत्येकी ४ सेंटिमीटर, म्हणजे १६. हवेत ३५. उरले १९ सेंटिमीटर, ते साध्या विणीने भरायचे. एका सेंटिमीटरला दोन टाके, म्हणजे ३८ टाके. पट्ट्यांचे ४० आणि साधे ३८, एकूण ७८. म्हणजे ७० च्या जागी ७८ टाके हवे होते. आठच टाक्यांचा फरक होता, पण त्याने चार स्वेटर वाया घालवले.

मग खालपासूनच ७८ टाके घालायचे का? तर नाही. इथे आमची दुसरी चूक व्हायची राहिली, कारण एका मावशींनी आधी नमुन्यावर करून पाहिलं. बॉर्डर एक सुलट एक उलट असते, तिच्यात पीळ नसतात. तिला जास्तीचे टाके दिले तर ती वेणीच्या खाली झालरीसारखी पसरते. कापड वर आत ओढलेलं आणि खाली बॉर्डर फुललेली, असं ते विचित्र दिसतं. म्हणून बॉर्डर ७० टाक्यांचीच विणायची, दहा नंबरच्या बारीक सुईवर. बॉर्डर संपताना शेवटच्या ओळीत आठ टाके वाढवायचे, आणि तेही जिथे वेणी येणार आहे तिथेच वाढवायचे.

आम्ही बॉर्डरचे ७० टाके असे वाटून घेतले. कडेला दहा, मग आठ, मग सहा, मग आठ, मग सहा, मग आठ, मग सहा, मग आठ, आणि शेवटी दहा. यातला प्रत्येक आठचा गट म्हणजे वेणीची जागा. त्या आठांत दोन टाके वाढवून दहा करायचे. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलून तो पिळून विणायचा, म्हणजे भोक पडत नाही. चार गटांत दोन-दोन, झाले आठ. वाढीची जागा लक्षात राहावी म्हणून प्रत्येक गटाच्या आधी आणि नंतर सुईवर रंगीत दोऱ्याची एक-एक फास अडकवून ठेवायची. पुढे वेणीचा पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे ओळीगणिक मोजत बसावं लागत नाही.

वर खांद्यापाशी याच्या उलट करायचं. टाके बंद करायच्या ओळीत वेणी संपते आणि तिची ओढही संपते. तिथे सगळे टाके तसेच बंद केले तर खांद्याची कड लाटेसारखी होते आणि शिवणीत चुण्या पडतात. म्हणून बंद करतानाच प्रत्येक वेणीच्या सहा सुलट टाक्यांत दोनदा दोन-दोन टाके एकत्र विणायचे. सहाचे चार होतात आणि कड सपाट बसते. मधल्या वेण्या गळ्याच्या कडेला येतात, तिथे गळ्याचे टाके बंद करतानाही हेच करायचं.

रुंदीबरोबर उंचीही थोडी कमी होते, हे विसरू नका. मोकळे केस कंबरेपर्यंत येत असले तरी वेणी घातल्यावर तिचं टोक थोडं वर राहतं, तसंच हे आहे. म्हणून ओळी मोजून उंची ठरवू नका, टेप लावून ठरवा. आमच्या स्वेटरला पुढे-मागे दोन्हीकडे वेण्या होत्या, त्यामुळे दोन्ही भागांच्या ओळी सारख्याच आल्या. पण कुणी पुढे वेणी आणि मागे साधी वीण करणार असेल, तर दोन्हीकडे सारख्या ओळी विणल्यावर पुढचा भाग थोडा आखूड निघतो. तेव्हा मागचा भाग आधी विणावा, बगलेपर्यंतची उंची टेपने लिहून ठेवावी आणि पुढचा भाग तेवढा भरेपर्यंत विणावा.

आता लोकरीचा हिशेब. इथे आमचे पैसे गेले, म्हणून जरा नीट ऐका. या मापाच्या साध्या स्वेटरला आम्हाला २५० ग्रॅम लोकर लागते, म्हणजे ५० ग्रॅमचे पाच गुंडे. त्यातली पुढच्या-मागच्या भागाला साधारण १६० ग्रॅम, बाकीची बाह्यांना आणि गळ्याला. बाह्या साध्याच होत्या, त्यांची लोकर वाढत नाही. पण पुढच्या-मागच्या भागात ७० च्या जागी ७८ टाके आले, म्हणजे १६० च्या जागी साधारण १७८ ग्रॅम. उंची भरायला थोड्या ओळी वाढल्या, त्या धरून १८५. म्हणजे एका स्वेटरला २५ ग्रॅम जास्त. ऐकायला हे फार नाही. पण दहा स्वेटरांना ते २५० ग्रॅम होतात, म्हणजे एक पूर्ण स्वेटर.

आणि नेमकं तेच झालं. आम्ही दहा स्वेटरांचे ५० गुंडे आणले होते. चार स्वेटरांचे आठ भाग उसवले. उसवलेली लोकर कुरळी होते, ती तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. म्हणून तिच्या लडी करून, सैल बांधून धुतल्या आणि खाली हलकं वजन लावून वाळवल्या. मग पुन्हा ७८ टाक्यांनी सुरुवात केली. नववा स्वेटर संपला तेव्हा लोकरही संपली. दुकानात गेलो तर रंग तोच होता, पण लॉट दुसरा. गुंड्याच्या कागदावर रंगाच्या नंबराजवळ लॉटचा नंबर छापलेला असतो. प्रत्येक वेळी रंगवलेल्या लोकरीची छटा थोडी वेगळी येते. दुकानात ती कळत नाही, पण दोन्ही लोकरी एका स्वेटरात शेजारी आल्या की उन्हात पट्टा दिसतो. आमचा दहावा स्वेटर नवीन लॉटचा झाला, बाकी नवांशी जुळेना, आणि व्यापाऱ्याने तो घेतला नाही. त्याचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही. त्याला दहा एकसारखे हवे होते.

तेव्हापासून आम्ही लोकर अशी धरतो. नमुना सुकला की किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून घेतो. आमचा ४६ टाक्यांचा नमुना पंधरा ग्रॅमच्या आसपास भरला. मग दहा स्वेटरांचे २७५ ग्रॅमप्रमाणे २७५० ग्रॅम, नमुन्याचे १५, म्हणजे ५६ गुंडे. त्यावर दोन गुंडे हाताशी, असे ५८. सगळे एकाच लॉटचे, एकाच वेळी घ्यायचे. आणि घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवायचं की कागद न काढलेले गुंडे उरले तर परत घेशील का. तो हो म्हणाला तर पावतीवर लिहून घ्यायचं. ज्या स्वेटरवर वेण्याच वेण्या आहेत, मधे साधी जागा जवळजवळ नाहीच, त्याला याहून बरीच जास्त लोकर लागते. तिथे अंदाजावर जाऊ नका. नमुन्याचं वजन घ्या, त्याची लांबी-रुंदी मोजा, आणि स्वेटरच्या भागात तसे किती तुकडे बसतील ते पाहा.

दर सांगतानाही हेच धरावं लागतं. आम्ही पाच गुंडे धरून दर सांगितला होता. जास्तीची लोकर आमच्या खिशातून गेली. वेळ तर धरलाच नव्हता. साध्या विणीचा पुढचा भाग आमच्यातली एक बाई तीन संध्याकाळी करते, वेणीचा करायला तिला चार लागतात, कारण प्रत्येक पिळाला हात थांबतो. लोकर किती वाढली आणि संध्याकाळी किती वाढल्या, हे दोन्ही नमुना विणतानाच कळतं. म्हणून आता नमुना झाल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही.

शेवटी, विणता विणता चूक कशी ओळखायची ते सांगतो. तीन पीळ झाले की थांबा, टाके एका लांब दोऱ्यावर ओवून काम सुईवरून उतरवा आणि सपाट ठेवून मोजा. दहा-बारा सेंटिमीटरवर चूक कळली तर दोन संध्याकाळींचं काम उसवावं लागतं. आमच्यासारखं आठ भागांनंतर कळलं तर महिना जातो. दुसरी खूण वेणीच्या कडेची. पिळाच्या दोन्ही बाजूंना भोकं दिसत असतील, किंवा पीळ घालताना तिसरा टाका सुईवर येतच नसेल, तर ओढ फार झाली आहे. अशा वेळी एक नंबर जाड सुई घ्या, किंवा सहाव्या ओळीऐवजी आठव्या ओळीला पीळ घाला. पण मग नमुना पुन्हा विणून पुन्हा मोजायचा, कारण हे बदललं की रुंदीही बदलते.

आणि जे करू नये ते आम्ही केलेलं आहे. आवळ झालेले दोन भाग आम्ही ओले करून, चारी बाजूंनी ओढून, गादीवर टाचण्या लावून वाळवले होते. टाचण्या काढल्या तेव्हा रुंदी बरोबर ३५ भरली. आम्हाला वाटलं, सुटलो. पुन्हा पाण्यात बुडवून वाळवले तेव्हा ते परत आक्रसले. त्या लोकरीला ओढलेला ताण धरून ठेवता येत नाही. तसा स्वेटर विकला असता तर गिऱ्हाईकाच्या घरी पहिल्या धुण्याला आवळला असता आणि पुढचं काम आमच्याकडे आलं नसतं. म्हणून ते दोन्ही भागही उसवले.

थोडा आवळ झालेला स्वेटर वाचवायची एक वाट आहे. बाजूच्या शिवणीत, बगलेपासून बॉर्डरपर्यंत, साध्या विणीची एक उभी पट्टी घालायची. आमचा स्वेटर आठ सेंटिमीटर कमी होता. दोन्ही बाजूंना चार-चार सेंटिमीटरच्या, म्हणजे आठ टाक्यांच्या पट्ट्या घालून तो बसला असता. पण मग बगल रुंद होते आणि बाहीही तेवढी वाढवावी लागते. घरच्या मुलासाठी हे चालेल. विकायच्या मालाला आम्ही ते केलं नाही.

तो वेगळ्या छटेचा दहावा स्वेटर आता काकूंच्या नातवाच्या अंगात आहे. थंडीच्या सकाळी तो घालून शाळेत जातो, आणि छातीवर तो आता अडकत नाही. आमच्याकडे पुढचं काम आलं ते बारा स्वेटरांचं, तीन वेण्यांचं, पीळ दर आठव्या ओळीला. आधी नमुना विणला, सुकवला, मोजला. यावेळी एका वेणीमागे दोन नाही, एकच टाका कमी भरला. म्हणजे ७० ला तीन मिळवले, ७३ टाके. जुना आकडा डोळे मिटून वापरला असता तर स्वेटर ढगळ झाला असता.

तुमच्या गटात कुणी वेणीचा स्वेटर घेणार असेल, तर या आठवड्यात नुसता नमुना विणा. दोन वेण्या, पाच पीळ, धुऊन सुकवलेला. टेप आणि वही जवळ ठेवा. वहीत चारच गोष्टी लिहा. साध्या विणीचे किती टाके दहा सेंटिमीटरमध्ये बसतात, वेणीचा पट्टा किती भरतो, तो साधा असता तर किती भरला असता, आणि नमुन्याचं वजन किती. मग टाके घाला.